बँक बदलली आणि एका महिन्याची पेन्शन गायब: कोषागाराला पत्र कसं लिहावं

आमच्या निवृत्त शिक्षकांच्या कट्ट्यावर हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी घेऊन येतंच. जुन्या बँकेत गर्दी फार, मुलाकडे ऐरोलीला किंवा नेरुळला राहायला गेलो, घराजवळच्या शाखेत खातं काढलं, ट्रेझरीत अर्ज दिला. मग एका महिन्याची पेन्शन कुठेच जमा झाली नाही. जुन्या खात्यात नाही, नव्यातही नाही. पुढच्या महिन्याची मात्र नव्या खात्यात व्यवस्थित आली. तेव्हा माणूस निश्चिंत होतो, वाटतं की मधल्या महिन्याचे पैसेही मागाहून येतील. ते आपणहून येतीलच असं नाही, आणि ‘माझी पेन्शन जमा झाली नाही, कृपया लक्ष घालावे’ एवढ्याच पत्राने तर येतच नाहीत. असं का होतं आणि पत्रात काय असावं, ते एका बाईंच्या प्रकरणावरून सांगतो. तारखा आणि रकमा थोड्या बदलल्या आहेत.

आधी एक गोष्ट तपासा. खाली जे लिहिलंय ते खासगी अनुदानित माध्यमिक शाळांतून निवृत्त झालेल्यांसाठी आहे. त्यांची पेन्शन महालेखापाल कार्यालय मंजूर करतं आणि जिल्हा कोषागार देतं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्यांची पेन्शन जिल्हा परिषदेमार्फत येते, त्यांनी पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारायचं. महापालिकेच्या शिक्षकांनी महापालिकेत. पीपीओवर कुणाची सही-शिक्का आहे आणि तो कुणाच्या नावे काढलाय हे पाहिलं की कळतं. चुकीच्या दारात दिलेला अर्ज कुणी फेकून देत नाही, पण तो फिरत राहतो आणि त्यात वेळ जातो.

बाई गणिताच्या शिक्षिका, नौपाड्यात राहायच्या, आता ऐरोलीला. ऐरोली, वाशी, नेरुळ, बेलापूर हे सगळं ठाणे जिल्ह्यातच, त्यामुळे कोषागार बदलायचा प्रश्न नव्हता. (खारघर, कामोठे, पनवेलला गेलेल्यांनी लक्षात ठेवावं, ते रायगड जिल्ह्यात येतं. तिकडचंच कोषागार हवं असेल तर ते वेगळं प्रकरण, त्याचा अर्ज वेगळा. नुसती बँक बदलण्याशी ते मिसळू नका.) बाईंनी २२ मे रोजी बँक बदलाचा अर्ज दिला, सोबत पीपीओची प्रत, पॅन, आधार, नव्या पासबुकाचं पहिलं पान आणि रद्द केलेला धनादेश. अर्जावर आवक क्रमांकाचा शिक्का घेतला. २७ मेला जुनं खातं बंद केलं. जूनच्या सुरुवातीला मे महिन्याची पेन्शन आली नाही. जुलैच्या सुरुवातीला जूनची आली, नव्या खात्यात.

आता मधे काय घडलं ते पाहू. कोषागारात महिन्याचं पेन्शन बिल महिना संपण्याच्या बरंच आधी तयार होतं. २२ तारखेला दिलेला अर्ज टेबलावर पोहोचून संगणकात नोंद होईपर्यंत मे महिन्याचं बिल जुन्या खाते क्रमांकासह तयार झालेलं होतं. त्यामुळे मेचे पैसे जुन्या खात्याकडेच निघाले. खातं मात्र बंद. बंद खात्यात पैसे जमा होत नाहीत, ते पाठवणाऱ्याकडे परत जातात. एनईएफटीच्या नियमाप्रमाणे ज्या बँकेला रक्कम जमा करता आली नाही तिने ती बॅच संपल्यापासून दोन तासांत परत करायची असते. म्हणजे पैसे हरवले नव्हते, ते कोषागाराच्या बाजूला परत जाऊन पडले होते.

मग ट्रेझरीतून ते पुन्हा का निघाले नाहीत? खिडकीवर बाईंना उत्तर मिळालं, ‘आमच्याकडून मे महिन्याचं पेमेंट झालेलं दिसतंय.’ हे उत्तर खोटं नाही. बिल मंजूर झालं, यादी बँकेकडे गेली, नोंदीत मे महिना ‘दिला’ असाच दिसतो. महाकोषच्या संकेतस्थळावर निवृत्तिवेतनवाहिनीत मे महिन्याची पेन्शन स्लिपही निघते. परत आलेल्या रकमा वेगळ्या यादीत असतात, आणि ती कुणाची, कुठल्या महिन्याची, का परत आली हे कुणीतरी बसून जुळवावं लागतं. ते जुळल्याशिवाय नव्या खात्यावर रक्कम काढता येत नाही. हजारो पेन्शनरांच्या यादीत हे काम आपोआप होत नाही, त्याला निमित्त लागतं. ते निमित्त म्हणजे तुमचं पत्र.

त्या टेबलावरच्या माणसाला खरी भीती एकाच गोष्टीची असते, दुबार पेमेंटची. समजा, त्याने तुमच्या शब्दावर मेची पेन्शन नव्या खात्यात काढली आणि नंतर कळलं की जुन्या बँकेने ती दुसऱ्या खात्यात वळती केली होती, तर लेखापरीक्षणात त्याच्यावर आक्षेप निघतो. म्हणून ‘मला मिळाली नाही’ हे वाक्य त्याच्या दृष्टीने अपुरं आहे. जुन्या बँकेकडूनही ती रक्कम दिली गेलेली नाही, हे त्याला कागदावर हवं असतं. पत्र लिहिताना हे डोक्यात ठेवलं की बाकीचं सोपं होतं.

म्हणून पहिली फेरी जुन्या बँकेत. इथे बहुतेकांची फसगत होते. बाईंनी जुन्या खात्याचं स्टेटमेंट मागितलं, ते मिळालं, त्यात शेवटची नोंद २७ मेची, खातं बंद झाल्याची. जूनमध्ये पैसे आले आणि परत गेले याचा त्यात मागमूस नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘आमच्याकडे काही आलंच नाही.’ तिलाही दोष देता येत नाही. परत गेलेली रक्कम खात्यात कधी चढतच नाही, म्हणून ती स्टेटमेंटमध्ये दिसत नाही. तुम्हाला स्टेटमेंटपेक्षा बँकेचं पत्र हवं. त्यात दोनच गोष्टी असाव्यात: अमुक क्रमांकाचं खातं अमुक तारखेला बंद झालं, आणि त्यानंतर कोषागाराकडून आलेली कोणतीही रक्कम या खात्यात किंवा खातेदाराच्या अन्य खात्यात जमा केलेली नाही. बँकेच्या लेटरहेडवर, शाखाधिकाऱ्याच्या सहीने. तोंडी ‘नाही हो आलं’ याचा उपयोग शून्य.

शाखेला रक्कम शोधायची असेल तर त्यांना त्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक लागतो, आणि तो असतो कोषागाराकडे. म्हणजे बँक म्हणते यूटीआर आणा, ट्रेझरी म्हणते बँकेचं पत्र आणा. हा घोळ तोडायचा सोपा उपाय म्हणजे बँकेचं पत्र यूटीआरशिवाय घ्यायचं (खातं बंद झाल्याची तारीख सांगायला त्याची गरज नाही) आणि ट्रेझरीच्या पत्रात यूटीआरची मागणी लिहून टाकायची. कधीकधी जुन्या शाखेने रक्कम परत न पाठवता स्वतःच्याच एखाद्या तात्पुरत्या खात्यात ठेवलेली असते. तसं झालं असेल तर ते यूटीआरवरूनच उघड होतं. आणि तसं निघालंच तर विलंबाचं व्याज मागायला संकोच करू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमात परताव्याला उशीर केल्यास रेपो दर अधिक दोन टक्के असं व्याज आहे.

दुसरं, नव्या बँकेतही पासबुक भरून घ्या. ऐकायला वेड्यासारखं वाटेल, पण जून-जुलैच्या दोन्ही रकमा एकत्र आलेल्या असताना एकच समजून ओरड करणारे आमच्यात आहेत. मुळात महागाई भत्त्याची थकबाकी कधी मिळाली, आयकराची कपात कधी जास्त झाली, की रकमा जुळेनाशा होतात. पेन्शन स्लिपवरची निव्वळ रक्कम आणि पासबुकातली जमा महिन्यागणिक समोरासमोर ठेवा, बोटाने एकेक ओळ जुळवा. ज्या महिन्याची स्लिप आहे पण जमा नाही, तोच तुमचा हरवलेला महिना. स्लिपच निघत नसेल तर मात्र गोष्ट वेगळी आहे. त्याचा अर्थ पेन्शन पाठवलीच गेलेली नाही, ती थांबवलेली आहे, बहुधा हयातीच्या दाखल्यामुळे. त्यासाठी खालचं पत्र चालणार नाही.

आता पत्र. बाईंनी पहिल्यांदा लिहिलेलं पत्र दीड पानी होतं. त्यात तेहतीस वर्षांची सेवा, गुडघेदुखी, मुलाच्या नोकरीची अडचण, ‘आम्हा ज्येष्ठांचे हाल’ असं सगळं आलं होतं. पीपीओ क्रमांक मात्र नव्हता. माझं स्पष्ट मत आहे की व्यथा खिडकीवर सांगा, पत्रात आकडे द्या. ज्याला काम करायचंय त्याला पहिल्या पाच ओळींत तुमची फाइल सापडली पाहिजे. दुसऱ्यांदा आम्ही बसून लिहिलं ते असं:

प्रति,
मा. कोषागार अधिकारी (निवृत्तिवेतन शाखा),
जिल्हा कोषागार कार्यालय, ________

दिनांक: १४ जुलै २०२५

विषय: माहे मे २०२५ चे निवृत्तिवेतन जुन्या (बंद) खात्यावर पाठविले गेल्याने परत आलेली रक्कम नव्या खात्यावर अदा करणेबाबत.

संदर्भ: १) पीपीओ क्र. ________
२) बँक बदलाचा अर्ज, आवक क्र. ________, दि. २२ मे २०२५

महोदय,

मी अनुदानित माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका असून माझे निवृत्तिवेतन आपल्या कार्यालयामार्फत अदा होते. संदर्भ क्र. २ अन्वये मी बँक बदलाचा अर्ज सादर केला होता. माझे जुने खाते दि. २७ मे २०२५ रोजी बंद झाले आहे.

माहे मे २०२५ चे निव्वळ निवृत्तिवेतन रु. ४१,८६० पेन्शन स्लिपप्रमाणे अदा झालेले दिसते, परंतु ही रक्कम माझ्या जुन्या अथवा नव्या कोणत्याही खात्यात जमा झालेली नाही. माहे जून २०२५ चे निवृत्तिवेतन नव्या खात्यात जमा झाले आहे. त्यामुळे फक्त माहे मे २०२५ ची रक्कम प्रलंबित आहे.

जुन्या बँकेचे पत्र सोबत जोडले आहे. त्यानुसार खाते बंद झाल्यानंतर त्यात अथवा माझ्या अन्य खात्यात सदर रक्कम जमा करण्यात आलेली नाही.

तरी विनंती की,
(अ) सदर व्यवहाराचा यूटीआर क्रमांक व रक्कम परत आल्याचा दिनांक मला कळवावा;
(ब) परत आलेली रक्कम माझ्या खालील नव्या खात्यावर अदा करावी.

नवे खाते: खातेदाराचे नाव, बँक व शाखा, खाते क्रमांक, आयएफएससी

सदर रक्कम मला यापूर्वी अन्य कोणत्याही मार्गाने मिळालेली नाही. ती दुबार जमा झाल्याचे आढळल्यास माझ्या पुढील निवृत्तिवेतनातून वसूल करण्यास माझी संमती आहे.

आपली विश्वासू,
(सही, पीपीओप्रमाणे पूर्ण नाव, पत्ता, मोबाइल)

सोबत: पीपीओची प्रत, मे २०२५ ची पेन्शन स्लिप, जुन्या बँकेचे पत्र, नव्या पासबुकाचे पहिले पान व जूनची जमा दिसणारे पान, बँक बदलाच्या अर्जाची पोच.

यातली तीन वाक्यं काम करतात. ‘जूनचे जमा झाले आहे’ यामुळे नवं खातं बरोबर नोंदलं गेलंय हे त्यांना एका नजरेत दिसतं, पुन्हा तपासायला नको. ‘फक्त मे’ म्हटल्याने शोध एका महिन्यापुरता राहतो. आणि शेवटची दुबार वसुलीची संमती म्हणजे त्या टेबलावरच्या माणसाला दिलेला दिलासा. ती ओळ वाचून बाईंना वाटलं, आपण चोर आहोत असं कबूल करतोय की काय. तसं अजिबात नाही. बँक बदलाच्या अर्जासोबतही जादा रक्कम परत करण्याचं असंच हमीपत्र घेतात.

विषयाच्या ओळीत ‘थकबाकी’ हा शब्द टाकू नका. थकबाकी म्हणजे पूर्वी कमी दिलेलं किंवा न दिलेलं, तिचं काम दुसऱ्या वाटेने चालतं. इथे पैसे दिले गेले आणि परत आले. विषयात ‘परत आलेली रक्कम’ हे शब्द असले की पत्र योग्य टेबलावर जातं.

खाते क्रमांक लिहिताना एक काळजी. आपण मराठी शाळांतली माणसं, सवयीने देवनागरी अंक लिहितो. हाताने लिहिलेला ५ इंग्रजी 4 सारखा वाचला जातो, १ आणि ९ मधला फरक घाईत पुसट होतो. खाते क्रमांक आणि आयएफएससी इंग्रजी अंकांत आणि कॅपिटल अक्षरांत लिहा, जमलं तर टाइप करा. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो, पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं नेहमी शून्य, इंग्रजी ओ नव्हे, उरलेली सहा शाखेची. खाते क्रमांकाच्या सुरुवातीला शून्यं असतील तर ती सोडू नका, पासबुकात जसा छापलाय तसाच. बाईंच्या बाबतीत ही अडचण आली नाही, पण आमच्यातल्या एका सरांचा पहिलाच महिना नव्या खात्यात आला नाही तो एका आकड्याच्या फरकाने. असं झालं तर पैसे परत येतात किंवा, तो क्रमांक खरोखर कुणाचा असेल तर, दुसऱ्याच्या खात्यात जातात. दुसऱ्या प्रकारात थांबू नका, त्याच दिवशी नव्या बँकेला आणि कोषागाराला दोघांना लेखी कळवा.

पत्र देताना दोन प्रती न्या. एक आवक खिडकीवर द्या, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, आणि पत्र कोणत्या टेबलाकडे जाणार हे तिथेच विचारून घ्या. खिडकीवरचा माणूस सांगतो, फक्त विचारायला हवं. तिकडे जायचं तर बिलाच्या गर्दीत जाऊ नका, महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात जा.

बाईंच्या पत्रानंतर ऑगस्टच्या पेन्शनबरोबर नाही, पण त्याआधीच मेची रक्कम स्वतंत्रपणे नव्या खात्यात आली. सगळ्यांचं इतकं सरळ होत नाही. महिना उलटूनही काही हालचाल नसेल तर ‘आपले सरकार’ तक्रार निवारण पोर्टलवर याच पत्राचा मजकूर आणि आवक क्रमांक टाका. त्यानेही नाही झालं तर माहिती अधिकाराचा अर्ज. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. त्यात ‘माझे पैसे का दिले नाहीत’ असं विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत. ‘पीपीओ क्र. अमुक, माहे मे २०२५, या प्रदानाचा यूटीआर क्रमांक, रक्कम परत आल्याची तारीख, आणि माझ्या अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची टिपणी’ असं मागा. माझा अनुभव असा की टिपणी मागितली की फाइल उघडली जाते, आणि फाइल उघडली की बहुतेक वेळा कामच होऊन जातं.

हे सगळं टाळायचं असेल तर जुनं खातं नव्या खात्यात एक पूर्ण पेन्शन जमा झाल्यावरच बंद करा. त्यात थोडे पैसे राहू द्या. मधल्या महिन्याची पेन्शन तिकडे गेली तरी ती तुमच्याच खात्यात असते, काढून घेता येते. जुन्या बँकेचं पेन्शनवर घेतलेलं कर्ज असेल तर तिचं ना हरकत प्रमाणपत्र आधीच घेऊन ठेवा.

आणि नोव्हेंबरात हीच समस्या दुसऱ्या वेषात येते. हयातीच्या दाखल्यासाठी कोषागार शाखानिहाय पेन्शनरांच्या याद्या बँकांना पाठवतं आणि पेन्शनर शाखेत जाऊन त्यावर सही करतो. बँक बदलाची नोंद उशिरा झाली किंवा शाखेचं नाव जुनंच राहिलं तर तुमचं नाव जुन्या शाखेच्या यादीत असतं. ऐरोलीच्या शाखेत विचारलं तर ‘तुमचं नाव नाही’ म्हणतात, आणि माणूस घरी येतो. सही राहून गेली की पुढची पेन्शन थांबते. म्हणून नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात नव्या शाखेत यादी पाहा. नाव नसेल तर जुन्या शाखेत जा, तिथेही नसेल तर पीपीओ, आधार घेऊन कोषागारातच दाखला द्या. जीवनप्रमाणने ऑनलाइन दाखला काढत असाल तर त्यात पेन्शनचा खाते क्रमांकही भरावा लागतो. तिथे सायबर कॅफेवाला गेल्या वर्षीचा कागद बघून जुना क्रमांक टाकतो. नव्या पासबुकाचं पहिलं पान हातात ठेवूनच भरून घ्या.